वहिनी, बाई आणि फिशपॉन्डची पेटी: सांगलीतल्या एका महाविद्यालयाचं प्रकरण

सांगली-मिरज पट्ट्यातलं हे एक अभियांत्रिकी महाविद्यालय. स्नेहसंमेलनाच्या आधी आठवडाभर ग्रंथालयाबाहेर पुठ्ठ्याची पेटी ठेवतात आणि त्यात मुलं चिठ्ठ्या टाकतात. कुणावर दोन ओळी, कुणावर यमक, कुणावर नुसती उपाधी. टाकणाऱ्याचं नाव नसतं आणि संमेलनाच्या दिवशी निवेदक त्या माइकवरून वाचतात. जुनी मंडळी याला शेलापागोटे म्हणायची, आता सगळीकडे फिशपॉन्ड म्हणतात. प्रकार तोच: एरवी कट्ट्यावर जे बोललं जातं ते वर्षातून एकदा प्राध्यापकांच्या समोर, त्यांच्याच परवानगीनं बोलायचं.

परवानगी असली तरी चाळणी लागतेच. इथं तीन विद्यार्थी आणि एक तरुण प्राध्यापक अशी समिती होती. सूचना एका ओळीची होती: शिवी नको, जात नको, बाकी चालेल. समितीनं चिठ्ठ्यांचे तीन ढीग केले. वाचायच्या, शब्द बदलून वाचायच्या आणि फाडायच्या. काम मनापासून झालं. तरी कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दोन तक्रारी आल्या, एक प्रयोगशाळा घेणाऱ्या मॅडमची आणि एक दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीची. गंमत अशी की दोन्ही चिठ्ठ्या ‘वाचायच्या’ ढिगातल्या होत्या आणि त्यांच्यावर समितीत चर्चासुद्धा झाली नव्हती. मी भाषा शिकवतो, म्हणून बाहेरचा माणूस या नात्यानं त्या चिठ्ठ्या बघायला मला बोलावलं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत किंवा गाळले आहेत.

आधी फाडलेला ढीग पाहिला, कारण समितीला वाईट काय वाटतं ते त्यावरून कळतं. त्यात बहुतेक चिठ्ठ्या परीक्षेच्या होत्या आणि माझ्या मते त्यातल्या निम्म्याहून जास्त उगाच फाडल्या होत्या.

परीक्षेची बोली मुळात स्वतःच्या फजितीची बोली आहे. विषय ‘उडाला’, ‘राहिला’, ‘निघाला’ असं म्हणताना मुलगा दोष विषयावर टाकतो, जणू तो विषय स्वतःच्या पायानं गेला. एटीकेटी मिळाली की वर्ष पुढं जातं, नाही तर ‘वायडी’, म्हणजे इयर डाऊन. ड्रॉइंगची शीट काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या शीटवरून गिरवणं म्हणजे ‘जीटी मारणं’, ग्लास ट्रेसिंग. असाइनमेंट ‘छापायची’ असते, झेरॉक्सवाल्याकडून बारीक अक्षरात करून घेतलेली कॉपीची चिठ्ठी ‘मायक्रो’ असते, आणि रात्र रात्र वाचणारा ‘घासू’ असतो. कोल्हापूरकडून आलेलं ‘विषय हार्ड’ इथं गणिताच्या तिसऱ्या पेपरला अगदी अक्षरशः लागू पडतं, आणि पोरांना ते ठाऊक असल्यामुळे ते दोन्ही अर्थांनी वापरतात. यात कुणाचा अपमान नाही. फार तर कॉपीची जाहिरात आहे, आणि ‘मायक्रो’वाल्या चिठ्ठ्या समितीनं त्याच कारणानं फाडल्या असतील तर ठीक.

पण ‘फाटली’ आणि ‘लागली’ यांच्या चिठ्ठ्यांवर समितीत अर्धा तास वाद झाला होता. ‘पेपर फाडला’ ही चिठ्ठी वाचायच्या ढिगात गेली, ‘पेपर बघून फाटली’ ही फाडायच्या. समितीतल्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “सर, आम्ही पण म्हणतो की फाटली. पण माइकवर नको वाटलं. का ते सांगता येईना.”

का ते सांगता येतं. ‘पेपर फाडला’ या वाक्यात काय फाडलं ते पुढंच आहे. पेपर पुल्लिंगी, क्रियापद पुल्लिंगी, हिशोब मिटला. ‘फाटली’ म्हणताना मात्र एक स्त्रीलिंगी नाम गाळलेलं असतं आणि क्रियापदाची ई त्या गाळलेल्या नामाची आठवण धरून बसते. ऐकणारा ती जागा मनात भरतो. ‘सरांनी व्हायवात मारली’ याचंही तसंच. ‘वाट लागली’ मध्ये ‘वाट’ हे नाम उघड दिलेलं आहे म्हणून आजीसुद्धा ते म्हणते. पण नुसतं ‘लागली रे’ म्हटलं की ते दोन्हीकडे झुकतं. माणूस सभ्य असेल तर वाट भरतो, नसेल तर दुसरं काही. ‘घंटा कळलं’ मधली घंटासुद्धा देवळातली नाही हे सगळ्यांना माहीत असतं. समितीच्या मुलीचा कान बरोबर होता. असे शब्द तोंडात गुळगुळीत झालेले असतात, पोरी बिनदिक्कत वापरतात, आणि चार मित्रांत ते निव्वळ ‘घाबरलो’ एवढंच सांगतात. पण समोर कुणाची आई बसली असेल तर गाळलेलं नाम परत येऊन उभं राहतं. एका मुलानं समितीपुढं “मी पँट म्हणत होतो” असा बचाव केला. तो ऐकून प्राध्यापकही हसले, चिठ्ठी मात्र फाडलेलीच राहिली.

म्हणजे समितीची नजर शिव्या शोधण्यात तरबेज होती. जातीच्या बाबतीतही एक चिठ्ठी त्यांनी नेमकी पकडली. तिच्यात कुठल्याही जातीचं नाव नव्हतं, फक्त ‘फ्रीशिपवाले’ असा शब्द होता आणि त्यांना घासावं लागत नाही असा भाव. फ्रीशिप ही शुल्कमाफीची सरकारी योजना, पण वर्गात तो शब्द कुणाकडे बोट दाखवायला वापरतात हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. समितीतला एक मुलगा स्वतः त्या योजनेत होता म्हणून ती चिठ्ठी पकडली गेली. तो नसता तर कदाचित ‘जात नको’ हा नियम पाळूनही ती वाचली गेली असती. या प्रकरणातला पहिला धडा मला इथेच दिसला. नियम शब्द शोधत होता. अपमान मात्र शब्दात सापडेलच असं नव्हतं, तो कळायला ज्याच्यावर तो जातो त्याच्या जागी बसलेला कुणीतरी टेबलाशी हवा होता.

आता पहिली तक्रार.

प्राध्यापकांना टोपणनावं असतात आणि ती त्यांना ठाऊकही असतात. वेळापत्रकावर नावांची आद्याक्षरं छापतात, त्यामुळे पोरं एसबीपी, व्हीएमके अशीच नावं घेतात. मागं ‘सर’ लावलं तर ते सोयीचं झालं, नाही लावलं तर कडवट. कडक माणूस ‘हिटलर’, सगळ्यांना नापास करणारा ‘केटी काका’, एकसुरी बोलणारा ‘अंगाई’. ज्या सरांवर ‘केटी काका’ची चिठ्ठी होती ते ती ऐकून उठून उभे राहिले आणि प्रेक्षकांना नमस्कार केला. नाव त्यांच्या कामावरून पडलं होतं, आणि ते काम करायचा त्यांना अधिकार होता. ‘टकल्या’, ‘बोबड्या’ अशी शरीरावरून पडलेली नावं समितीनं विचार न करता फाडली होती, आणि ते योग्यच.

मॅडमवर चिठ्ठी अशी होती: ‘दार वाजलं, कोण आली? जर्नल फेकत बाई आली.’ तक्रार वाचल्यावर समितीला वाटलं की जर्नल फेकण्याचा उल्लेख लागला. मॅडमनी लिहिलं होतं ते वेगळंच: जर्नल मी फेकते, चुकीचं असेल तर उद्याही फेकेन, पण दोनशे मुलांसमोर ‘बाई आली’ का?

मुलांचा बचाव सरळ होता. “शाळेत आम्ही बाईच म्हणायचो की! त्यात काय वाईट हाय?” हे खरं आहे. सातारा-सांगलीकडच्या शाळांत ‘बाई’ हा आदराचा शब्द आहे आणि कित्येक शिक्षिकांना तो ‘मॅडम’पेक्षा जवळचा वाटतो. पण शाळेत पोरं ‘बाई आल्या’ म्हणतात. ‘बाई आली’ म्हटलं तर पाठीत धपाटा बसतो. नामात आदर होता आणि क्रियापदानं तो काढून घेतला. मराठीत आदर मुख्यतः क्रियापदाच्या शेवटाला राहतो. म्हणून ‘केटी काका आले’ हे चालतं आणि ‘पाटील सर आला’ हे ‘सर’ लावूनही कानाला टोचतं.

मग सगळ्या वाचलेल्या चिठ्ठ्या क्रियापदापुरत्या पाहिल्या. पुरुष प्राध्यापकांवरच्या चिठ्ठ्यांत, अगदी ‘हिटलर’वाल्या चिठ्ठीतसुद्धा, ‘आले’, ‘म्हणाले’, ‘बसले’ होतं. दोन ठिकाणी मूळ चिठ्ठीत एकेरी होतं, ते समितीनं पेननं खोडून अनेकवचन केलं होतं. मॅडमच्या चिठ्ठीत कुणी पेन लावलं नव्हतं. यमकासाठी ठेवलं म्हणावं तर ‘कोण आल्या? बाई आल्या’ हेही तितकंच जुळतं. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, हे मला पटतं. पण एकेरी कुणाच्या बाबतीत खटकलं आणि कुणाच्या बाबतीत खटकलंच नाही, हे त्या कागदांवर निळ्या शाईत दिसत होतं. कागद पुढं ठेवल्यावर समितीतले प्राध्यापक गप्प झाले आणि त्यांनीच मॅडमकडे जाऊन बोलायचं ठरवलं.

इथं आपल्या भागातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला ती पटकन कळत नाही. आपल्याकडे माणसाला नपुंसकलिंग लावतात. ‘आलं बघ बेणं’, ‘ते खुळं कुठं गेलं?’ उसाच्या पट्ट्यात लावणीच्या कांडीला बेणं म्हणतात आणि इरसाल पोरालाही. मित्राला ते लावलं की त्यात माया असते, चेष्टा असते, आणि तो परत तेच लावतो. तेच रूप शिक्षकाला लावलं, ‘सर लई पकवतंय’, की माणसाची वस्तू होते. कट्ट्यावर हे रोज बोललं जातं आणि तिथं त्यानं कुणाचं बिघडत नाही. निवेदक उत्साहात होता, त्यानं छापील ओळींच्या मधे स्वतःचं एक-दोनदा ‘आलं आलं’ घातलं. चिठ्ठी तपासलेली होती, निवेदकाचं तोंड तपासलेलं नव्हतं. एका वयस्कर प्राध्यापकांनी ते ऐकलं होतं, तक्रार केली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, “मी पण वाळव्याचाच आहे. पण मी त्याचा मित्र नाही ना.”

दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. तिच्यात शिवी नव्हती, एकेरी नव्हतं, शरीर नव्हतं, जात नव्हती. चिठ्ठी होती: ‘आमच्या वहिनी लॅबमध्ये आल्या की दादांचं रीडिंग चुकतं.’ पुढं वर्ग आणि बॅच लिहिली होती, नावं नव्हती. वाचल्यावर अर्धं सभागृह एका मुलीकडे वळून बघायला लागलं.

‘वहिनी’ कसं चालतं ते ज्यांनी कॉलेज केलं आहे त्यांना माहीत आहे, तरी पायरी पायरीनं सांगतो. एक मुलगा एका मुलीकडे बघतो, किंवा नुसतं तिचं जर्नल मागतो. त्याच्या मित्रांना ते दिसतं. दुसऱ्या दिवशी ती जिन्यानं चालली की मित्र त्याला कोपरखळी मारून म्हणतात, “वहिनी आल्या रे.” आधी हे त्याच्यासाठी असतं, तिला ऐकू जात नाही. मग मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणतात. मग कँटीनमध्ये तिच्यासाठी खुर्ची सरकवतात, “बसा वहिनी.” महिन्याभरात दुसऱ्या डिव्हिजनची मुलंही म्हणायला लागतात, आणि त्यांना तर तो मुलगा कोण हेही माहीत नसतं. या सगळ्यात तिला कुणी काही विचारलेलं नसतं. इथं तर त्या मुलानंही तिला काही विचारलं नव्हतं. दोघांत एकूण बोलणं झालं होतं ते ऑसिलोस्कोपच्या प्रोबवरून.

ती रोज तासगाव तालुक्यातल्या गावाहून एसटीच्या पासवर ये-जा करत होती. त्याच गाडीला तिच्या गावची तीन-चार मुलं होती. तिचा चुलतभाऊ याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. तिनं तक्रारीत लिहिलं होतं की गाडीत ‘वहिनी’ ऐकू आलं तर ते घरी पोचायला एक दिवस पुरतो, आणि पोचल्यावर बंद होईल तो माझा पास, त्याचा नाही. संमेलनाच्या आधीच तिनं प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागितली होती. अर्जावर कारण ‘वैयक्तिक’ लिहिलं होतं आणि कुणी जास्त विचारलं नव्हतं.

समितीला हे का दिसलं नाही? कारण ‘छावी’, ‘आयटम’, ‘माल’ असले शब्द असलेल्या चार चिठ्ठ्या त्यांनी त्याच बैठकीत फाडल्या होत्या, आणि त्या शब्दांपुढं ‘वहिनी’ हा घरातला, मानाचा शब्द वाटला. क्रियापदही आदरार्थी. एक मुलगा म्हणाला, “उलट आम्ही तर रिस्पेक्ट देतो वहिनीला.” तो खोटं बोलत नव्हता, आणि मला वाटतं सगळी अडचण तिथेच आहे. ‘माल’ म्हणणारा उद्धट आहे हे जगाला दिसतं. मुलगी त्याला सुनावू शकते, ऐकणारे तिच्या बाजूनं उभे राहतात. ‘वहिनी’ म्हणणाऱ्याला ती काय सुनावणार? चिडली तर ‘वहिनी लाजल्या’. गप्प बसली तर ‘मान्य आहे’. शिवाय ‘माल’ कुणालाही म्हणतात आणि विसरतात. ‘वहिनी’ एका मुलीला एका मुलाशी बांधून ठेवते आणि बाकी सगळ्यांना तिच्याकडे त्या नात्यानं बघायला लावते. सभ्य शब्द असल्यामुळे तिला त्यातून सुटायला दार उरत नाही.

तुलनेसाठी मित्रांची बोली घ्या. इथली पोरं एकमेकांना जे म्हणतात ते सगळं छापता येणार नाही. ‘भावा’, ‘मर्दा’, ‘गड्या’ हे सौम्य झालं. ‘सुक्काळीच्या’ आणि त्याहून जुन्या, आईच्या चारित्र्यावर जाणाऱ्या शिव्या कट्ट्यावर ‘कसा आहेस’ याच अर्थानं फिरतात. शब्द म्हणून त्या ‘वहिनी’पेक्षा कितीतरी वाईट. पण त्या दोन्ही बाजूंनी चालतात. ज्याला म्हटलं तो तितक्याच जोरात परत म्हणतो, आणि नको असेल तर “आईवर जाऊ नको” एवढं म्हटलं की थांबतात. न थांबणाऱ्याशी पोरं बोलणं तोडतात. परत देता येतं का आणि थांबवता येतं का, हे दोन प्रश्न विचारले की कट्ट्यावरची शिवी पास होते आणि ‘वहिनी’ नापास. हीच शिवी ज्युनिअरला घातली की मात्र तीही नापास, कारण ज्युनिअर परत देऊ शकत नाही. दोनदा वर्ष गेलेल्या मित्राला त्याचा गट ‘डबल वायडी’ म्हणतो आणि तो हसतो. तेच नाव नव्या बॅचनं उचललं की तो वर्गात यायचा थांबतो. असं दरवर्षी एखाद्याचं होतं.

नियमांच्या बाजूनं पाहिलं तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम 2009 चे आहेत आणि 2016 च्या दुरुस्तीनं त्यात जात, लिंग, रूप, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळही घातला गेला. मुलीची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे नेता आली असती. तिला तसं सांगितलं गेलं आणि लेखी अर्ज तिच्याकडेच ठेवला, म्हणजे नंतर कधीही देता येईल. तिनं त्या वेळी तो दिला नाही. तिचं म्हणणं होतं की चौकशी झाली की तीच गोष्ट पुन्हा वीस जण विचारतील.

प्राचार्यांना जाहीर माफी हवी होती. तिनं ठाम नकार दिला, आणि तो अगदी व्यवहारी होता: माइकवरून माफी म्हणजे ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळणार. त्याऐवजी दोन गोष्टी झाल्या. निवेदक आणि समितीतल्या मुलांनी तिला आणि मॅडमना वेगवेगळं भेटून माफी मागितली. आणि त्या मुलाला, ज्याच्या नावानं हे चाललं होतं, प्राध्यापकांनी एवढंच सांगितलं की मित्रांचं तोंड बंद करायचं काम तुझं. तो म्हणत होता, “मी तर काहीच बोललो नाही सर.” त्यावर समितीतली मुलगी म्हणाली, “म्हणूनच तर चाललं.” त्यानं गटात काय सांगितलं ते माहीत नाही, पण त्याच्या वर्गात तो शब्द बंद झाला. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सत्र संपेपर्यंत चालू होता. बोली अशी एका माणसाच्या सांगण्यानं सगळीकडे थांबत नाही.

पुढच्या वर्षीसाठी पेटीची पद्धत बदलली. शब्दांची यादी करायची नाही असं ठरलं. यादी झाली की पोरं तिच्या बाहेरचा शब्द शोधतात, आणि तो शोधण्यात ती आपल्यापेक्षा हुशार असतात. त्याऐवजी ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला ती आधी दाखवायची, नाव नसलं तरी वर्ग-बॅचवरून ओळखू येत असेल तरीही. तो नको म्हणाला तर कारण विचारायचं नाही. दोघांना जोडणारी चिठ्ठी असेल तर दोघांचा होकार हवा. कर्मचाऱ्यांवरच्या आणि प्राध्यापकांवरच्या चिठ्ठ्या समितीनं मोठ्यानं वाचून बघायच्या, कारण ‘आली’ आणि ‘आल्या’ डोळ्याला निसटतं, कानाला नाही. आणि निवेदकानं मधे स्वतःचं घालायचं नाही. यामुळे मजा कमी होईल अशी कुरकुर झाली आणि ती काही अंशी खरी आहे. आधी दाखवलेल्या चिठ्ठीत तो धक्का राहत नाही. कट्ट्यावर कुणी काय बोलावं यात मात्र समितीनं पडायचं नाही हेही ठरलं, आणि ते ठरवायला मी बराच जोर लावला.

एक चिठ्ठी बैठकीत शेवटपर्यंत सुटली नाही. प्रयोगशाळेतल्या परिचरांना सगळे ‘मामा’ म्हणतात, त्यांच्यावर ओळ होती: ‘मामांनी चावी हरवली, सगळ्यांना मामा बनवलं.’ क्रियापद आदराचं, शब्द नेहमीचा, कोटी साधी. ती वाचली गेली होती आणि हशा झाला होता. कुणीतरी म्हणालं की मामा पण हसत होते. समितीतल्या मुलीनं विचारलं, सगळे वरिष्ठ समोर बसलेले असताना ते दुसरं काय करणार होते? आणि चावी हरवल्याबद्दल त्यांना खरंच मेमो मिळाला होता. मामांना विचारायचं ठरलं. पण कुणी विचारायचं, प्राचार्यांनी विचारलं तर ते खरं सांगतील का, यावर एकमत होईना. शेवटी ते काम तिच्याकडेच आलं, कारण ती रोज त्यांच्याकडून चावी घेत होती.